व्हीएमसीचा अ‍ॅक्सिस लेझरने तपासताना हवेचं गणित कसं सांभाळायचं: नवीन माणसासाठी स्टेप बाय स्टेप

हे लिहितोय ते कॅलिब्रेशन किंवा मेंटेनन्समध्ये नुकतंच आलेल्या आणि पहिल्यांदाच लेझर इंटरफेरोमीटरची पेटी उघडणाऱ्या माणसासाठी. लेझर कसा उभा करायचा हे कोणीतरी सिनियर दाखवतोच, दोन-तीन मशीन झाल्या की हात बसतो. पण हवेचं तापमान आणि दाब सॉफ्टवेअरला नीट दिला नाही तर ग्राफ एकदम सुंदर येतो, रिपिटेबिलिटी मस्त येते आणि तरीही आकडा साफ चुकीचा असतो, हे मात्र फार कमी जण समजावून सांगतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर ही सगळी गावं घाटावर आहेत, त्यामुळे आपल्याकडे ही चूक मुंबई-ठाण्यापेक्षा खूप मोठी होते, म्हणून यावरच जास्त लिहिणार आहे.

आधी लेझर नक्की काय मोजतो

लेझर अंतर थेट मोजत नाही, तो लाटा मोजतो. हेलियम-निऑन लेझरची तरंगलांबी निर्वातात साधारण 632.99 नॅनोमीटर असते. बीम स्प्लिटर त्या प्रकाशाचे दोन भाग करतो, एक भाग स्प्लिटरलाच लावलेल्या रिफ्लेक्टरवरून परत येतो आणि दुसरा सरकणाऱ्या रिट्रोरिफ्लेक्टरवरून, मग दोन्ही एकत्र आले की उजेड-अंधाराच्या पट्ट्या तयार होतात. सरकणारा रिफ्लेक्टर अर्धी तरंगलांबी, म्हणजे साधारण 0.316 मायक्रॉन हलला की एक पट्टी मोजली जाते. किती पट्ट्या गेल्या गुणिले अर्धी तरंगलांबी, झालं अंतर.

आता मेख अशी की आपण निर्वातात काम करत नाही, हवेत करतो, आणि हवेत प्रकाश थोडा हळू जातो म्हणून लाट थोडी आखडते. किती आखडते ते हवेच्या अपवर्तनांकावर ठरतं, आणि अपवर्तनांक ठरतो हवा किती दाट आहे त्यावर. थंड हवा दाट, गरम हवा विरळ, दाब जास्त तर दाट, दाब कमी तर विरळ. म्हणजे आपल्या हातात अशी मोजपट्टी आहे जिच्या रेघा हवामानाप्रमाणे जवळ-लांब होतात, आणि त्या आज किती जवळ आहेत हे सॉफ्टवेअरला सांगणं हे आपलं काम.

लक्षात ठेवायचे आकडे थोडेच आहेत. हवेचं तापमान 1 डिग्री चुकलं तर साधारण 0.8 ते 0.95 पीपीएमचा फरक पडतो, दाब 1 हेक्टोपास्कल (म्हणजेच 1 मिलिबार) चुकला तर साधारण 0.26 पीपीएम, आणि आर्द्रता 10 टक्के चुकली तर जेमतेम 0.1 ते 0.2 पीपीएम. पीपीएम म्हणजे मीटरमागे एक मायक्रॉन, एवढं सोपं. यावरून कळतं की आर्द्रतेच्या मागे जीव टाकायची गरज नाही, पण दाबाचा एकेक आकडा दिसायला छोटा असला तरी दाब पन्नास-साठ हेक्टोपास्कलने चुकू शकतो, आणि तिथेच सगळा घोळ होतो.

मशीनवर जायच्या आधी

उदाहरण म्हणून एक व्हीएमसी घेऊ, एक्स स्ट्रोक 850 मिमी, त्यातले 800 मिमी मोजायचे, बॉलस्क्रू आहे, लिनियर स्केल नाही, कंट्रोल फॅनकचा. शॉप पुण्यात, मे महिना, दुपार. कोणालाही ओळखीचं वाटेल असं मशीन.

पहिलं काम, कंट्रोलमधल्या पॅरामीटरचा आणि पिच एररच्या टेबलचा, म्हणजे अ‍ॅक्सिसची चूक पॉइंटवार सुधारायला भरलेल्या आकड्यांचा, बॅकअप घ्या. आणि मशीन जशी आहे तशीच आधी मोजा, काहीही न बदलता, कारण आधीचं रीडिंग नसेल तर नंतर काय सुधारलं हे कोणालाच सांगता येणार नाही. लेव्हल, गिबची ढिलाई, बेअरिंगचा प्ले हे मेकॅनिकल दोष आधी बघून घ्या, कारण ढिलं बेअरिंग कॉम्पेन्सेशन टाकून बरं होत नाही, पुढच्या आठवड्यात रीडिंग परत पळतं.

लेझरची पेटी शॉपमध्ये आली की लगेच जोडून मोजायला लागू नका. एसी गाडीतून आलेले ऑप्टिक्स आणि सेन्सर 33 डिग्रीच्या शॉपमध्ये आले की त्यांना हवेशी जुळायला वेळ लागतो. लेझर हेड स्वतः पाच-दहा मिनिटांत स्टेबल होतं (रेनिशॉच्या एक्सएल-80 ला साधारण सहा मिनिटं लागतात), पण मटेरियल टेम्परेचर सेन्सर मशीनला चिकटवून किमान अर्धा तास तरी राहू द्या. त्या अर्ध्या तासात मशीनचा अ‍ॅक्सिस पुढे-मागे चालवत ठेवा, म्हणजे स्क्रूही रोजच्या कामातल्या तापमानाला येतो.

लेझर क्लास 2 चा आहे, चुकून डोळ्यावरून गेला तर पापणी मिटते आणि वाचतो, पण बीममध्ये मुद्दाम डोळा घालून बघायचं नाही, आणि चकचकीत टेबलवरून उडालेला बीम बाजूच्या ऑपरेटरच्या तोंडावर जात नाही ना हे बघायचं.

उभारणी आणि अलाइनमेंट

या मशीनमध्ये एक्सला टेबल सरकतं आणि स्पिंडल जागेवर असतं, म्हणून स्प्लिटर स्पिंडलला लावा आणि रिट्रोरिफ्लेक्टर मॅग्नेटिक बेसवर टेबलला. दोन्ही शक्यतो तिथेच लावा जिथे टूल आणि जॉब असतात. टेबलपासून फार उंच दांडीवर रिफ्लेक्टर लावला तर टेबलचं पुढे-मागे झुकणंही पोझिशनच्या एररमध्ये मिसळतं, उदाहरणार्थ 5 सेकंदांचा झोक आणि 200 मिमीचा ऑफसेट असेल तर जवळजवळ 5 मायक्रॉन नुसते त्यातून येतात.

झिरो घेताना दोन्ही ऑप्टिक्स जितके जवळ असतील तितकं चांगलं. दोघांमध्ये सुरुवातीलाच अर्धा मीटर हवा असेल तर मोजणी चालू असताना हवा बदलली की ती अर्धा मीटर लांबी पण बदलल्यासारखी दिसते आणि झिरो सरकतो, याला डेड पाथ म्हणतात. पन्नास-शंभर मिमी गॅप ठेवला तर हा प्रश्न संपला.

अलाइनमेंटचा एकच नियम पाठ करा, जवळ असताना सरकवायचं, लांब गेल्यावर वळवायचं. म्हणजे रिफ्लेक्टर जवळच्या टोकाला असताना परत येणारा ठिपका टार्गेटवर आणायचा तर लेझर आडवा किंवा वर-खाली सरकवा, आणि रिफ्लेक्टर लांबच्या टोकाला नेल्यावर ठिपका पळाला असेल तर लेझरचा कोन बदला. असं तीन-चार वेळा केलं की ठिपका संपूर्ण प्रवासात हलत नाही. नवीन माणूस बरोबर उलट करतो आणि तासभर भांडत बसतो, त्यात त्याचा दोष नाही, कोणी सांगितलेलंच नसतं.

अलाइनमेंट थोडं राहिलं तर किती फरक पडतो? 800 मिमीवर बीम 1 मिमी बाजूला गेला तर फक्त 0.6 मायक्रॉन, पण 3 मिमी गेला तर साडेपाच मायक्रॉनच्या वर, कारण हा एरर वर्गाच्या पटीत वाढतो. आणि हा एरर नेहमी एकाच दिशेचा असतो, लेझर कायम कमी दाखवतो, कधीच जास्त नाही. रिट्रोरिफ्लेक्टर 1 मिमी बाजूला सरकला की परतीचा ठिपका 2 मिमी सरकतो, त्यामुळे डोळ्यांनीही चांगलं पकडता येतं.

एक बारीक गोष्ट, टेबल सरकत असल्यामुळे एक्स प्लस दिला की टेबल उलट्या बाजूला जातं. हँडव्हीलने 100 मिमी प्लस हलवून बघा, लेझर प्लस 100 दाखवतोय का मायनस 100, आणि सॉफ्टवेअरमध्ये साइन तिथेच बरोबर करून घ्या. साइन उलटा राहिला तर एरर दुप्पट करणारं कॉम्पेन्सेशन टाकलं जातं.

हवेचं कॉम्पेन्सेशन, इथे सावकाश जा

चांगल्या सेटबरोबर एक वेगळा कॉम्पेन्सेशन युनिट येतो (एक्सएल-80 बरोबर एक्ससी-80). त्याला हवेच्या तापमानाचा सेन्सर जोडायचा, मशीनच्या तापमानाचे सेन्सर जोडायचे, आणि दाब-आर्द्रता तो मोजतो, दाबाचा सेन्सर युनिटच्या पेटीतच असतो. युनिट दर काही सेकंदांनी आकडे लेझरला देतो आणि तरंगलांबी चालू मोजणीतच सुधारली जाते. पेटी टेबलच्या उंचीलाच पाहिजे असं काही नाही, जमिनीवर ठेवली तरी चालते, कारण आपल्या उंचीवर साधारण 9 मीटर वर-खाली गेल्यावर कुठे दाब 1 हेक्टोपास्कलने बदलतो.

हवेचा सेन्सर मात्र कुठे ठेवताय याला महत्त्व आहे. तो बीमच्या जवळ, बीमच्या उंचीला आणि शक्यतो प्रवासाच्या मध्यावर हवा. लेझर हेडच्या गरम अंगावर टेकवलेला, हायड्रॉलिक टाकीच्या वर लटकवलेला किंवा पॅनलच्या एक्झॉस्ट फॅनसमोर ठेवलेला सेन्सर तीन-चार डिग्री चुकीचं सांगतो, म्हणजे आपल्या 800 मिमीवर दोन-अडीच मायक्रॉन गेले. खिडकीतून बीमच्या वाटेत ऊन पडत असेल तर पत्रा किंवा पुठ्ठा लावा.

आता युनिट नसेल, किंवा केबल तुटली असेल, किंवा जुन्या सेटमध्ये हाताने आकडे भरायचे असतील तर काय होतं ते बघा, खरी गोष्ट इथे आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये काहीच नाही भरलं तर 20 डिग्री, 1013.25 हेक्टोपास्कल आणि 50 टक्के आर्द्रता हे आकडे आधीपासून बसलेले असतात. ही समुद्रसपाटीची हवा आहे. पुणे समुद्रापासून साधारण 560 मीटर वर, तिथे दाब 945 च्या आसपास असतो. मग कोणीतरी हुशारी करून मोबाइलवर हवामानाचं अ‍ॅप उघडतो, तिथे दाब 1006 लिहिलेला असतो, तो भरतो आणि समाधानाने पुढे जातो. पण हवामानाच्या अ‍ॅपमधला, बातम्यांमधला किंवा विमानतळाचा जो दाब सांगतात तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, म्हणजे वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता यावी म्हणून उंचीचा हिशोब त्यात मिळवलेला असतो. आपल्या बीमला मात्र त्या जागेवरचा खराखुरा दाब लागतो.

आकडे हाताने काढता येतात. अमेरिकेच्या एनआयएसटीने शॉपफ्लोअरसाठी दिलेलं एक सोपं सूत्र आहे, साध्या कॅल्क्युलेटरवर जमतं आणि नेहमीच्या तापमानात एका पीपीएमच्या खूप आतली अचूकता देतं. यात दाब किलोपास्कलमध्ये भरायचा (944 हेक्टोपास्कल म्हणजे 94.4), तापमान डिग्री सेल्सिअसमध्ये आणि आर्द्रता टक्क्यांमध्ये.

```
n = 1 + 0.000786*P/(273+T) - 1.5e-11*RH*(T*T+160)
```

आपल्या शॉपची खरी हवा धरा 33 डिग्री, 944 हेक्टोपास्कल, 30 टक्के आर्द्रता. सूत्रात टाकलं की अपवर्तनांक एकाच्या वर 241.9 पीपीएम येतो. आता अ‍ॅपवरचा 1006 टाका, बाकी सगळं तेच, तर येतात 257.8 पीपीएम. आणि काहीच न भरता आधीचे आकडे राहू दिले तर 271.4 पीपीएम.

फरक बघा. अ‍ॅपच्या दाबाने 15.9 पीपीएमची चूक, 800 मिमीवर 12.7 मायक्रॉन. काहीच न भरल्यास 29.5 पीपीएम, 800 मिमीवर 23.6 मायक्रॉन. दोन्हीकडे सॉफ्टवेअरला हवा खऱ्यापेक्षा दाट वाटते, म्हणून ते लाट आखूड धरतं, आणि तेवढ्याच पट्ट्यांचं अंतर कमी सांगतं.

समजा मशीन खरं तर शेवटच्या टोकाला 6 मायक्रॉन जास्त जातेय, म्हणजे प्लस 6. अ‍ॅपच्या दाबाने लेझर दाखवेल मायनस 6.7. साइनच फिरला. आता नवीन माणूस पिच एररच्या टेबलमध्ये 6.7 मायक्रॉन वाढवणारं कॉम्पेन्सेशन टाकतो, परत मोजतो, लेझर झिरो दाखवतो, ग्राफ सपाट, सगळे खूश, रिपोर्टवर सही. आणि मशीन प्रत्यक्षात 12.7 मायक्रॉन जास्त जायला लागली, म्हणजे लेझर लावायच्या आधीपेक्षा दुप्पट खराब. पुढे सीएमएमवर लांब पिचचे बोअर चुकायला लागतात आणि सगळे फिक्श्चर, टूल, ऑपरेटर यांना दोष देत बसतात.

मग खरा दाब कुठून आणायचा? युनिट असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर बऱ्याच मोबाइलमध्ये दाबाचा सेन्सर असतो आणि सेन्सरचं कच्चं रीडिंग दाखवणारी अ‍ॅप मिळतात, फक्त त्यात समुद्रसपाटीचं करेक्शन बंद आहे याची खात्री करा. पुण्यात 1000 च्या वर काही दिसलं तर समजा ते करेक्शन केलेलं आहे. यावर सर्टिफिकेट देऊ नका, पण मोठी चूक पकडायला हे पुरतं. कॅलिब्रेट केलेला बॅरोमीटर कंपनीच्या स्टँडर्ड रूममध्ये असतो, तो मागून आणायला लाजू नका.

हाताने भरताना अजून एक, दाब दिवसभर सारखा राहत नाही. आपल्याकडे रोज सकाळी 10 च्या आसपास तो वर असतो आणि दुपारी 4 च्या सुमाराला खाली, फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा, म्हणजे साधारण 1 पीपीएम. सकाळी भरलेला आकडा संध्याकाळपर्यंत तसाच ठेवायचा नाही.

युनिट असलं तरी सुरुवातीला एकदा वरचं सूत्र वापरून हिशोब करा आणि स्क्रीनवरच्या आकड्यांशी ताडून बघा. दोन्ही एका पीपीएमच्या आत जुळले पाहिजेत. नाही जुळले तर सेन्सर खराब, नाहीतर केबल लूज, नाहीतर सॉफ्टवेअर युनिटकडे न बघता जुनेच आकडे धरून बसलंय.

मशीनचं तापमान हा वेगळा विषय, गल्लत करू नका

हवेचं कॉम्पेन्सेशन लेझरची लांबी खरी करतं. पण मशीन स्वतः तापून लांब झालीय ती गोष्ट निराळी. लांबी 20 डिग्रीला सांगायची हा जगभरचा नियम आहे, म्हणून सॉफ्टवेअर दुसरं एक करेक्शन करतं, मटेरियलच्या तापमानावरून. स्टीलच्या प्रसरणाचा गुणांक डिग्रीमागे साधारण 11.7 पीपीएम धरतात. आपलं मशीन 31 डिग्रीला आहे, म्हणजे 11 डिग्री जास्त, गुणाकार केला की 128.7 पीपीएम, 800 मिमीवर 103 मायक्रॉन. हवेच्या सगळ्या भानगडीपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे. मटेरियल सेन्सर 1 डिग्रीने चुकला तर 800 मिमीवर 9.4 मायक्रॉन गेले, हवेचा सेन्सर 1 डिग्री चुकला तर पाऊण मायक्रॉनही नाही.

म्हणून हा सेन्सर कुठे लावायचा हे आधी ठरवा, आणि ते तुम्हाला काय हवंय त्यावर आहे. मशीन 20 डिग्रीला कशी वागेल ते हवं असेल तर सेन्सर स्क्रूच्या किंवा स्केलच्या जितका जवळ जाईल तितका न्या, आणि गुणांकही त्याचाच भरा, स्टीलच्या स्क्रूला 11.7 च्या आसपास, काचेच्या स्केलला साधारण 8. याउलट याच गरम शॉपमध्ये जॉब करून ते 20 डिग्रीच्या सीएमएमवर बरोबर यायला हवे असतील तर सेन्सर टेबलवर जॉबच्या जागी लावा आणि गुणांक जॉबचा भरा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या जॉबला 23 च्या आसपास. दोन्ही बरोबर आहेत, पण उत्तरं वेगळी येतात, म्हणून कुठलं केलं ते रिपोर्टमध्ये लिहायचंच.

गुणांकाबद्दल एक मर्यादा मान्य करून टाका. 11.7 च्या जागी खरा गुणांक 10.5 असेल, तर 11 डिग्रीच्या फरकाला 13 पीपीएमची चूक होते, आणि ही कुठल्याही सेन्सरला दिसत नाही. वर दोन्ही टोकांना बेअरिंग देऊन ताणून बसवलेला स्क्रू असेल तर तो मोकळेपणाने वाढतही नाही, काही प्रमाणात स्ट्रक्चर त्याला धरून ठेवतं. म्हणून माझं ठाम मत आहे की मे महिन्यातल्या दुपारी अ‍ॅक्सेप्टन्सचं लेझर घेऊ नये. पहाटे किंवा रात्रपाळीत घ्या, शॉपचं तापमान 20 च्या जितकं जवळ असेल तितकी गुणांकाची चूक लहान होते. पर्याय नसेल तर घ्या, पण 20 पासून 11 डिग्री लांब असताना दोन मायक्रॉनचा दावा करू नका.

प्रोग्राम आणि मोजणी

आयएसओ 230-2 प्रमाणे 2 मीटरपर्यंतच्या अ‍ॅक्सिसला मीटरमागे किमान 5 टार्गेट आणि प्रत्येक टार्गेटवर दोन्ही दिशांनी 5-5 वेळा जायचं असतं. मी 800 मिमीला 11 पॉइंट घेतले आहेत. प्रत्येक टोकाला 2 मिमी पुढे जाऊन मग परत यायचं, म्हणजे शेवटच्या पॉइंटलाही दिशा बरोबर मिळते आणि बॅकलॅश नीट दिसतो.

```
O0800
G21 G90 G54
#2=1
WHILE[#2LE5]DO1
G01 X-2. F3000
#1=0
WHILE[#1LE10]DO2
G01 X[#1*80.] F3000
G04 X4.
#1=#1+1
END2
G01 X802. F3000
#1=10
WHILE[#1GE0]DO2
G01 X[#1*80.] F3000
G04 X4.
#1=#1-1
END2
#2=#2+1
END1
M30
```

चालवायच्या आधी G54 चा एक्स झिरो असा ठेवा की मायनस 2 आणि प्लस 802 दोन्ही स्ट्रोकच्या आत येतील, आणि पहिली फेरी फीड ओव्हरराइड कमी करून, रिफ्लेक्टर स्प्लिटरवर आपटत नाही ना हे बघत घ्या. चार सेकंदांच्या थांब्यात लेझर रीडिंग घेतो. सगळं मिळून साधारण दहा मिनिटांत होतं, आणि पटकन होणंच चांगलं, कारण अर्धा तास लागला तर मशीन त्या वेळात तापते आणि तो बदल रिपिटेबिलिटीत दिसतो.

एक खुबी. वरचे सगळे पॉइंट 80 च्या पटीत आहेत आणि स्क्रूचं पिच 10 मिमी असेल तर प्रत्येक पॉइंटला स्क्रू फिरून त्याच जागी आलेला असतो, म्हणजे एका फेरीतला वर-खाली होणारा एरर लपतो. पिच एरर टेबल भरायला सारखी अंतरं लागतात म्हणून हा प्रोग्राम असा आहे, पण अ‍ॅक्सेप्टन्ससाठी मोजताना स्टँडर्ड सांगतं तसे पॉइंट थोडे इकडे-तिकडे करा, 83.1, 158.7 असे.

सुरू करायच्या आधी मशीन थांबवून, सर्वो चालू ठेवून, लेझरचा आकडा पाच मिनिटं बघत बसा. तो अर्ध्या-एक मायक्रॉनमध्ये नाचत असेल तर ठीक. सावकाश एका बाजूला जात असेल तर मशीन किंवा सेन्सर अजून स्थिर झालेले नाहीत. झटके देत नाचत असेल तर बीमच्या वाटेत गरम-गार हवेचे थर आहेत, मोठा मॅनकूलर थेट बीमवर असेल तर तो बंद करा किंवा तोंड फिरवा, पण हवा अगदी थिजलेली असेल आणि थर साचत असतील तर उलट लांबून हलका पंखा लावून हवा मिसळवली की आकडा शांत होतो.

ग्राफ वाचताना

जाताना आणि येतानाच्या दोन रेघांमध्ये सगळीकडे सारखं अंतर असेल तर बॅकलॅश, फॅनकला तो पॅरामीटर 1851 मध्ये जातो. पाच फेऱ्या एकमेकींवर न बसता एकेक करून एकाच दिशेला सरकत असतील तर मशीन तापतेय, अजून वॉर्मअप द्या आणि परत घ्या.

सरळ तिरकी रेघ आली तर मात्र टेबल भरायला घाई करू नका. सरळ उताराची कारणं चार असू शकतात, हवेचे आकडे चुकीचे, मटेरियलचं तापमान किंवा गुणांक चुकीचा, अलाइनमेंट तिरकं, किंवा खरंच स्क्रूचं पिच तेवढं कमी-जास्त. अलाइनमेंट सगळ्यात आधी बघा, ठिपका पूर्ण प्रवासात हलतोय का, आणि उतार मायनसकडे आहे का, प्लसकडे असेल तर अलाइनमेंट निर्दोष. मग सूत्राने हवा ताडून बघा, आणि टचवाल्या थर्मामीटरने मशीनचं तापमान.

त्यानेही उलगडा झाला नाही तर वाय आणि झेड पण मोजा. तिन्ही अ‍ॅक्सिसला मायक्रॉन नाही तर पीपीएममध्ये जवळपास सारखाच उतार आला, समजा तिन्हीकडे मायनस 16 च्या आसपास, तर तिन्ही स्क्रू एकाच मापाने चुकलेले असणं जवळजवळ अशक्य आहे, तिथे चूक तुमच्या भरलेल्या आकड्यांत आहे. मायनस 16 म्हणजे पुण्यात समुद्रसपाटीचा दाब भरलाय हे मी सरळ ओळखतो, आणि तिन्हीकडे प्लस-मायनस 11-12 आलं तर मटेरियल सेन्सर एका डिग्रीने चुकतोय का ते बघतो.

टेबल भरणं आणि परत मोजणं

सगळं ताडून झालं की मगच टेबल. फॅनकमध्ये पिच एररचे पॉइंट किती आणि कुठून हे 3620 ते 3622 मध्ये, मल्टिप्लायर 3623 मध्ये आणि अंतर 3624 मध्ये असतं, आणि नेहमीच्या टेबलमध्ये भरायची किंमत ही आधीच्या पॉइंटपासूनचा फरक असते, एकूण एरर नाही. एका पॉइंटला मायनस 7 ते प्लस 7 एवढंच बसतं, त्यापेक्षा जास्त लागत असेल तर मल्टिप्लायर वाढवा. सीमेन्सवाल्यांनी इथे सावध राहा, तिथे पद्धत वेगळी आहे, प्रत्येक पॉइंटची पूर्ण किंमत भरतात. साइनबद्दल शंका असेल तर एकाच पॉइंटला 5 टाका, कंट्रोल बंद-चालू करा, रेफरन्स घ्या आणि लेझरवर बघा रीडिंग कुठे गेलं, दोन मिनिटांत खात्री होते.

टेबल टाकल्यावर पूर्ण पाच फेऱ्या परत घ्या, आणि त्या आधी हवेचे आकडे पुन्हा एकदा बघून घ्या, कारण पहिल्या आणि दुसऱ्या मोजणीत तास-दीड तास गेलेला असतो. रिपोर्टवर सुरुवातीचं आणि शेवटचं हवेचं तापमान, त्या जागेवरचा दाब, आर्द्रता, मटेरियल सेन्सर कुठे लावला होता, त्याचं तापमान आणि वापरलेला गुणांक हे सगळं हाताने का होईना लिहा. सहा महिन्यांनी दुसरा माणूस हेच मशीन मोजायला येईल आणि त्याला 10 मायक्रॉनचा फरक दिसेल, तेव्हा त्याने पहिली बघायची गोष्ट म्हणजे तुम्ही दाबाच्या रकान्यात 944 लिहिलाय का 1006.